लेकराचा फोटो यंत्राच्या हवाली करण्यापूर्वी



मार्च २०२५ अखेर आपल्या सर्वांच्या मोबाईलवर एकाएकी कार्टूनसारखी चित्रे दिसू लागली. लग्नातले जोडपे, अंगणात बसलेली आजी, पाळण्यातले बाळ, सगळ्यांचे डोळे मोठे, गाल गुलाबी आणि मागे हिरवे डोंगर. जपानमधील घिबली या चित्रपटसंस्थेच्या शैलीची ही चित्रे होती. २५ मार्च २०२५ रोजी चॅटजीपीटीमध्ये चित्र तयार करण्याची नवी सोय आली आणि आठवडाभरात आमच्या मेहरूणच्या गल्लीपर्यंत तिची लाट पोहोचली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीची लाट आली. साधा फोटो टाकायचा आणि जुन्या सिनेमातल्यासारखी साडी नेसलेले चित्र मिळवायचे. त्यानंतर वाढदिवसाचा फ्लेक्स असो, नामकरण विधीची पत्रिका असो की १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला पोराचा फोटो असो, तो एकदा ‘एआयमधून काढून’ घ्यायचा अशी रीतच पडली.

आनंदाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु या आनंदात एक देवघेव होत असते आणि तिची पावती आपल्याला मिळत नाही. चित्र आपल्याकडे येते, फोटो त्यांच्याकडे जातो. तो फोटो आपला स्वतःचा असेल तर निर्णय आपला. परंतु तो तीन वर्षांच्या लेकराचा असेल, तर त्या लेकराच्या वतीने आपण सही करून मोकळे झालेलो असतो. म्हणून हा फोटो नेमका कुठे जातो, त्याचे काय होते आणि आपण काय करू शकतो, एवढ्याच गोष्टी या लेखात पाहू.

एका फोटोचा प्रवास

उदाहरण म्हणून असे समजा. रविवारी संध्याकाळी एक कुटुंब मेहरूण तलावावर फिरायला गेले आहे. सहा वर्षांची मुलगी शनिवारच्या शाळेच्या गणवेशातच आहे, कारण तिला तोच आवडतो. वडिलांनी फोटो काढला. मामाने तो कुटुंबाच्या ग्रुपवरून घेतला आणि कार्टून करण्यासाठी एका ॲपमध्ये टाकला. मामाच्या मनात भाचीच्या कौतुकाशिवाय दुसरे काहीही नाही.

आता या फोटोत काय काय आहे ते मोजू. मुलीचा चेहरा आहे. गणवेशाचा रंग आणि खिशावरचे शाळेचे चिन्ह आहे, म्हणजे ती दिवसाचे पाच-सहा तास कुठे असते हे कळले. मागे तलाव आहे, म्हणजे गाव आणि भाग कळला. शेजारी वडिलांची मोटारसायकल आणि तिच्या नंबरची पाटी आहे. ग्रुपवर ‘आमची परी, सहा वर्षांची झाली’ असे लिहिले असेल आणि मामाने तेच वाक्य ॲपमध्ये चिकटवले असेल, तर वय आणि लाडाचे नावही गेले. अनोळखी माणसाने शाळेच्या दारात येऊन लेकराला घरच्या नावाने हाक मारली तर लेकरू त्याच्याकडे विश्वासाने पाहते. एवढी सामग्री या एका फोटोत असते.

याशिवाय डोळ्यांना न दिसणारी एक चिठ्ठी फोटोच्या फाइलला जोडलेली असते. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या मोबाईलने काढला याची तीत नोंद असते. कॅमेऱ्यात स्थळ नोंदवण्याची सोय चालू असेल, तर फोटो काढला ते ठिकाणही काही मीटरच्या अंतरापर्यंत अचूक लिहिलेले असते. तलावाचे ठिकाण कळले तर फारसे बिघडत नाही. पण बहुतेक फोटो आपण घरातच काढतो आणि मग त्या चिठ्ठीत घराचा पत्ता असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही चिठ्ठी गळून पडते. मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, किंवा मोबाईलच्या गॅलरीतून थेट एखाद्या ॲपमध्ये टाकला, तर ती फोटोसोबत जाऊ शकते.

फोटो टाकल्यावर चित्र आपल्या मोबाईलमध्ये तयार होते असा अनेकांचा समज आहे. या प्रसिद्ध सेवांमध्ये तसे होत नाही. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो, तिथे साठवला जातो, तिथले यंत्र त्यावरून नवे चित्र बनवते आणि ते आपल्याकडे परत येते. मूळ फोटो व नवे चित्र, दोन्ही आपल्या खात्यातील संभाषणात पडून राहतात. चॅटजीपीटीच्या व्यक्तिगत खात्यात आपण सोय बंद केली नाही, तर टाकलेली सामग्री पुढच्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरता येते. जेमिनीत नोंदी ठेवण्याची सोय चालू असेल, तर काही संभाषणे माणसे तपासतात आणि अशी तपासलेली संभाषणे तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात. आपण आपली नोंद मिटवली तरी ती प्रत राहते. या गोष्टी कंपन्या लपवत नाहीत, नियमावलीत लिहितात. आपण नियमावली न वाचता ‘मान्य’ दाबतो.

मिटवले म्हणजे संपले, असेही नेहमी नसते. चॅटजीपीटी चालवणारी कंपनी मिटवलेली संभाषणे साधारण तीस दिवसांत काढून टाकते. परंतु मे २०२५ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयाने वृत्तपत्रांशी चाललेल्या खटल्यात त्या कंपनीला संभाषणांच्या नोंदी जपून ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ अखेर ते बंधन उठेपर्यंत लोकांनी मिटवलेल्या नोंदीही जपून ठेवाव्या लागल्या. कंपनीची इच्छा काहीही असो, वस्तू दुसऱ्याच्या कपाटात असली की त्या कपाटाची किल्ली आपल्या हातात नसते.

शिकलेले यंत्र विसरत नाही

आपल्या एका फोटोने काय फरक पडणार, असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर एका खऱ्या प्रकरणात आहे.

चित्रे बनवणाऱ्या यंत्रांना शिकवण्यासाठी जर्मनीतील लायन नावाच्या संस्थेने इंटरनेटवरील पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे आणि त्यांच्या खालच्या ओळी एकत्र करून एक संच तयार केला होता. २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने त्या संचाचा अगदी बारीकसा तुकडा तपासला. एक टक्क्याच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्यातच ब्राझीलमधील १७० मुलांचे फोटो सापडले आणि पुढे ऑस्ट्रेलियातील १९० मुलांचे. जन्माच्या वेळचे फोटो होते, वाढदिवसाचे होते, शाळेच्या कार्यक्रमाचे होते. एका फोटोत तीन व चार वर्षांचे दोन मुलगे रंगवलेल्या भिंतीपुढे कुंचले घेऊन हसत उभे होते. खालच्या ओळीत दोघांची पूर्ण नावे, वये आणि पर्थ शहरातील त्यांच्या बालवाडीचे नाव लिहिलेले होते.

हे फोटो कोणी चोरून काढले नव्हते. आई-वडिलांनी, नातेवाइकांनी, शाळांनी प्रेमाने टाकलेले होते. कित्येक फोटो फारसे कोणी पाहत नसलेल्या पानांवर अनेक वर्षे पडून होते. ‘आमचा फोटो कोण बघतो’ असे त्या आई-वडिलांनाही वाटले असेल. माणसांनी पाहिला नसेल, पण सामग्री गोळा करणाऱ्या यंत्राने पाहिला.

तक्रार झाल्यावर त्या संस्थेने सापडलेल्या फोटोंचे दुवे संचातून काढण्याचे कबूल केले. परंतु त्या संचावर आधी शिकून झालेल्या यंत्रांचे काय? यंत्र फोटो अल्बमसारखा ठेवत नाही. लाखो फोटो पाहून ते आपल्या आतले आकडे थोडेथोडे बदलत जाते. वरणात मीठ विरघळल्यावर त्यातून आपल्या चिमटीचे मीठ वेगळे काढता येत नाही, तसाच हा प्रकार. एवढेच नव्हे, तर काही वेळा यंत्र शिकवताना पाहिलेला फोटो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा काढून देते. संशोधकांनी २०२३ मध्ये हे करून दाखवले आहे. म्हणून ‘नंतर काढून टाकू’ हा उपाय इथे अपुरा ठरतो. खरा निर्णय फोटो टाकण्यापूर्वीच होतो.

तीळ कुठून आला?

सप्टेंबर २०२५ मध्ये साडीच्या लाटेत एका तरुणीचा व्हिडिओ देशभर गाजला. तिने पूर्ण बाह्यांच्या पोशाखातला फोटो टाकला होता. तयार होऊन आलेल्या साडीतल्या चित्रात तिच्या हातावर तीळ होता. खऱ्या हातावरही तिथे तीळ होता, पण टाकलेल्या फोटोत तो दिसत नव्हता. ती घाबरली आणि तिच्यासोबत लाखो लोक घाबरले.

यंत्र अशा वेळी काय करते ते समजून घेणे उपयोगाचे आहे. फोटोत बाही आहे आणि चित्रात उघडा हात हवा आहे, म्हणजे यंत्राला न दिसलेला भाग मनाने भरावा लागतो. खऱ्या माणसांच्या हातांवर तीळ असतात हे ते लाखो फोटोंवरून शिकलेले आहे, म्हणून ते मधूनच एखादा तीळ काढते. बहुतेकांच्या बाबतीत तो चुकतो आणि कोणी बोलत नाही. एखादीच्या बाबतीत जुळतो आणि त्याचा व्हिडिओ होतो.

मग काळजीचे कारण नाही का? आहे, पण ते वेगळे आहे. कपड्याखालचा न दिसणारा भाग मनाने भरण्याची हीच क्षमता वाईट हेतूच्या माणसाच्या हाती गेली, की साध्या फोटोतून कपडे नसलेले खोटे चित्र तयार होते. हा केवळ अंदाज नाही. २०२५ च्या अखेरीस एक्स या व्यासपीठावरील ग्रोक या यंत्राकडून लोकांनी स्त्रियांचे आणि मुलांचेही फोटो अशा रीतीने विद्रूप करून घेतले. त्यावर २ जानेवारी २०२६ रोजी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने त्या कंपनीला नोटीस दिली. अशा चित्रासाठी गुन्हेगाराला चांगला प्रकाश पडलेला, समोरून काढलेला, स्पष्ट चेहरा लागतो. फ्लेक्ससाठी आपण नेमका तसाच फोटो निवडतो.

या प्रकारची चित्रे कुठे साठतात तेही पाहा. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील जेननोमिस नावाच्या चित्रे बनवणाऱ्या सेवेचा साठा कोणत्याही पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा पडलेला एका सुरक्षा संशोधकाला आढळला. नव्वद हजारांहून अधिक फाइली होत्या. लोकांनी बनवून घेतलेली चित्रे आणि त्यासाठी लिहिलेल्या सूचना. त्यात अश्लील चित्रे होती आणि मुलांसारखी दिसणारीही होती. संशोधकाने कळवल्यावर तो साठा बंद झाला आणि पुढे ते संकेतस्थळही दिसेनासे झाले. तोपर्यंत तो आणखी कोणी उतरवून घेतला असेल, तर ते परत आणण्याचा मार्ग नाही. मोठ्या कंपनीकडे निदान पहारेकरी असतात. लाटेवर स्वार होऊन चार दिवसांत निघालेल्या लहान ॲपकडे दाराला कडी असेलच, याची खात्री कोणी द्यायची?

नकली दुकाने

प्रत्येक लाटेमागून नकली दुकाने येतात. साडीच्या लाटेच्या वेळी तेलंगणचे आयपीएस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनी लोकांना जाहीर इशारा दिला होता की जेमिनीसारख्या दिसणाऱ्या नकली संकेतस्थळांवर आणि अनधिकृत ॲपवर फोटो व व्यक्तिगत माहिती टाकू नका.

नकली ॲप ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ते काय मागते ते बघा. कार्टून करायला एक फोटो पुरेसा असतो. त्यासाठी ॲपने संपूर्ण गॅलरी, फोनमधील नंबरांची यादी किंवा आलेले एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तर त्याला कार्टूनशिवाय दुसरेच काही हवे आहे. एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी असतात. नंबरांच्या यादीत आपले सगेसोयरे असतात. बेकायदा कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी गॅलरीतले फोटो आणि नातेवाइकांचे नंबर उचलून, फोटो विद्रूप करून, हप्त्यासाठी कुटुंबांची बदनामी केल्याच्या तक्रारी देशभर झालेल्या आहेत. कर्जासाठी ज्यांनी तो छळ सोसला त्यांना परवानगीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी खूण म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल. प्ले स्टोअरच्या बाहेरून, कोणी पाठवलेल्या फाइलमधून फोटोचे ॲप घेऊ नये. प्ले स्टोअरवरही ॲपच्या नावाखाली ते बनवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते, ते वाचावे. जेमिनीखाली गूगलचे आणि चॅटजीपीटीखाली ओपनएआयचे नाव असले पाहिजे.

तिसरे दुकान खुद्द आपल्या बाजारात आहे. आपले फ्लेक्सवाले आणि स्टुडिओवाले भाऊ नकली नाहीत, कष्टाने धंदा करतात. परंतु घाईत तेही गिऱ्हाइकाचा फोटो एखाद्या फुकट संकेतस्थळावर टाकून पार्श्वभूमी बदलून घेतात. पेन ड्राइव्ह देताना दोन प्रश्न विचारावेत. भाऊ, हे काम तुमच्याच संगणकावर होणार की फोटो ऑनलाइन टाकणार? आणि काम झाल्यावर फोटो तुमच्याकडून काढून टाकाल ना? गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही सावध होतो.

घरात लावून घेण्याच्या सवयी

पहिली आणि सर्वांत उपयोगाची सवय अशी की, मुलांचा चेहरा चित्र बनवणाऱ्या सेवेत टाकूच नये. मग पत्रिका सुंदर करायची कशी? फोटोऐवजी वर्णन लिहावे. ‘तलावाकाठी उभी सहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, निळा फ्रॉक, हातात बोरांची परडी, जलरंगातले चित्र’ एवढे मराठीत लिहिले तरी यंत्र चित्र काढून देते. ती आपली परी नसते, पण पत्रिकेला शोभा येते आणि परीचा चेहरा घरातच राहतो. खरा फोटो हवाच असेल तर यंत्राकडून फक्त रिकामी चौकट आणि फुलांची नक्षी करून घ्यावी, आणि फोटो त्या चौकटीत मोबाईलच्या गॅलरीतल्या किंवा स्टुडिओच्या संगणकावरच्या साध्या सोयीने बसवावा. चित्र यंत्राने काढावे, चेहरा आपण लावावा.

दुसरी सवय फोटो साफ करण्याची. मोठ्या माणसाचा फोटो टाकायचा असला तरी आधी कडा कापाव्यात. शाळेचे चिन्ह, घराची पाटी, गाडीचा नंबर आणि मागे उभी असलेली शेजाऱ्यांची मुले कापून काढावीत. मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच टाकावा. स्क्रीनशॉट ही नवी फाइल असते, मूळ फोटोची स्थळाची चिठ्ठी तिच्यात येत नाही. कायमचा उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन `Location tags` किंवा `Save location` असे लिहिलेले बटण बंद करावे. मोबाईलच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतात.

तिसरी सवय परवानगीची. नव्या अँड्रॉइड मोबाईलवर ॲप फोटो मागते तेव्हा `Allow all` न दाबता `Allow limited access` दाबावे आणि तो एकच फोटो निवडून द्यावा. आधी दिलेली परवानगीही मोबाईलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावाखाली `Permissions` उघडून काढून घेता येते.

चौथी सवय शिकवणी बंद करण्याची. चॅटजीपीटीत `Settings` मध्ये `Data controls` उघडावे आणि `Improve the model for everyone` बंद करावे. जेमिनीसाठी `myactivity.google.com/product/gemini` हे पान उघडून नोंद ठेवण्याची सोय बंद करावी आणि जुन्या नोंदी मिटवाव्यात. त्या सोयीला आधी `Gemini Apps Activity` म्हणत, आता `Keep Activity` म्हणतात. ती बंद केल्यावरही संभाषण सेवा चालवण्यासाठी ७२ तासांपर्यंत राहते. या बटणांचा उपयोग मर्यादित आहे हे ध्यानात ठेवावे. ती पुढच्या वापराला अडवतात, आधी गेलेले परत आणत नाहीत.

पाचवी सवय नात्यागोत्याची आहे आणि तीच सर्वांत अवघड. मुलाचा फोटो ग्रुपवरून उचलणारा बहुधा परका नसतो. मामा, आत्या, मंडळाचा कार्यकर्ता किंवा शाळेच्या ताई असतात. प्रत्येक ग्रुपवर एकदा प्रेमाने लिहावे: ‘लेकरांचे फोटो बघा, आशीर्वाद द्या. पण आईला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका आणि एआयमध्ये टाकू नका.’ एखादे काका म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करता! त्यांना वरची पर्थची हकीकत सांगावी. आणि मूल आठ-दहा वर्षांचे झाले की त्यालाही विचारावे. ‘नको’ म्हणाले तर तो शेवटचा शब्द मानावा. चेहरा त्याचा आहे.

कायदा किती साथ देतो

आपण कायदा मानणारे लोक आहोत, म्हणून कायद्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. मात्र कंपन्यांवरची ही मुख्य बंधने नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात, अशी मुदत सरकारने दिली.

दोन गोष्टी या कायद्याच्या बाहेर आहेत. एखाद्या व्यक्तीने घरगुती, वैयक्तिक कारणासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे भाचीचा फोटो टाकणाऱ्या मामाला हा कायदा विचारत नाही. आणि माणसाने आपली जी माहिती स्वतःच सर्वांसाठी खुली केली, तिलाही हा कायदा लागू नाही. म्हणून स्वतःचा फोटो सर्वांना दिसेल असा टाकण्यापूर्वी हे आठवावे.

परंतु कोणी मुलाचे अश्लील चित्र बनवले, तर तिथे कायदा कडक आहे. पोक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संगणकाने तयार केलेले, खऱ्या बालकासारखे दिसणारे चित्रही धरलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब असे चित्र बनवणे, पाहणे, उतरवणे आणि पसरवणे या सर्वांना गुन्हा मानते. ‘चित्र खोटे आहे’ ही आरोपीची सबब चालत नाही.

इथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. असे काही दिसले तर रागाच्या भरात ते नातेवाइकांना, मंडळाला किंवा पत्रकाराला पुढे पाठवू नये. मुलाचे अश्लील चित्र जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. चित्र जतन करण्याऐवजी त्या पानाचा पत्ता, टाकणाऱ्या खात्याचे नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. मग `cybercrime.gov.in` वर स्त्रिया व बालकांविषयीच्या भागात तक्रार करावी. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. जळगावचे सायबर पोलीस ठाणे किंवा जवळचे कोणतेही पोलीस ठाणे गाठावे. मुलासाठी तातडीची मदत हवी असेल तर १०९८ हा नंबर आहे, आणि फोटोच्या धमकीने पैसे उकळले असतील तर १९३०. पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की दुसरी मागणी येते.

आणि मुलीला दोष देऊ नये. तिचा फोटो कोणीतरी विद्रूप केला यात तिची चूक नाही. घरात रागावतील या भीतीने मुले गप्प बसतात आणि गुन्हेगाराला तेच हवे असते.

येत्या रविवारी घरातील सर्वांचे मोबाईल अर्धा तास एकत्र घेऊन बसा. कॅमेऱ्याचे स्थळ बंद करा, फोटोच्या ॲपना दिलेल्या परवानग्या तपासा आणि लाटेच्या वेळी घेतलेली व नंतर कधी न उघडलेली ॲप काढून टाका. मात्र ॲप काढण्याआधी त्यातले आपले खाते मिटवण्याची सोय शोधून ते मिटवा. नुसते ॲप काढल्याने त्यांच्या संगणकावरचा फोटो जात नाही.